मैत्रिणीच्या घरगुती व्यवसायाला भेट दिलेलं सीलिंग मशीन : काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात माझ्या मैत्रिणीनं शेंगा चटणी आणि कडक भाकरी घरूनच विकायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही तिघींनी वर्गणी काढून तिला हातानं दाबायचं सीलिंग मशीन दिलं. आधी वजनकाटा द्यायचा विचार होता. पण मोजून विकायचं तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटाच लागतो, स्वयंपाकघरातला स्वस्त काटा चालत नाही. पिशव्यांची तोंडं ती मेणबत्तीवर बंद करायची, म्हणून मशीन घेतलं.

घेताना बारा इंची घ्या. आठ इंची स्वस्त मिळतं, पण भाकरीच्या पिशवीचं तोंड त्यात मावत नाही. बॉडी लोखंडी बघा आणि सोबत जादा तार व टेफ्लॉनची पट्टी आहे ना, ते दुकानातच पाहून घ्या.

खरी परीक्षा चटणीनं घेतली. पुण्याला पाठवलेल्या पाकिटांतून तेल झिरपलं. सील वरून अगदी व्यवस्थित दिसत होतं, पण भरताना तोंडाला चटणीची पूड आणि तेल लागलेलं, त्यामुळे तिथं प्लास्टिक एकमेकांना चिकटलंच नव्हतं. आता ती भरण्याआधी पिशवीचं तोंड दोन बोटं बाहेर दुमडते, रुंद तोंडाच्या नरसाळ्यानं चटणी भरते, मग दुमड उलगडून आतून कोरड्या फडक्यानं पुसते आणि थोडं अंतर ठेवून दोन सील मारते. तेव्हापासून तेल आलेलं नाही.

बटणाचा आकडा पिशवीप्रमाणे बदलतो. तिच्या मशीनवर पातळ पिशवीला दोन-तीन पुरतो, जाड पाकिटाला पाच-सहा लागतो. उष्णता कमी पडली की सील नखानं सुटतं, जास्त झाली की कडेला प्लास्टिक वितळून पातळ होतं आणि तिथंच फाटतं. दिवा विझल्यावर दांडा लगेच उचलायचा नाही, दोन सेकंद दाबून धरायचा, कारण सील थंड होतानाच पक्कं होतं. सलग बरीच पाकिटं केली की तार तापलेलीच राहते, मग आकडा एकानं खाली आणावा लागतो. प्रत्येक नव्या गठ्ठ्याची एक पिशवी हवा भरून बंद करायची आणि पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का ते बघायचं.

टेफ्लॉन करपून तपकिरी झालं, तेव्हा प्लग काढून पट्टी घरीच बदलली. सोपं काम आहे.

हे मशीन हवा काढत नाही. शेंगदाण्याचं तेल आतल्या हवेनं खवट होतंच, त्यामुळे चटणी टिकण्याचा काळ यानं वाढतो असं समजू नका. भाकरी मात्र पूर्ण गार करून भरली तर कुरकुरीत राहते. कोमट भरली की आतच वाफ धरते आणि मऊ पडते. भाकरीची टोकदार कड पातळ पिशवीला भोक पाडते, म्हणून तिच्यासाठी जाड पिशवीच लागते.

तुमच्या मैत्रिणीला देणार असाल तर उरलेल्या पैशांत मशीनसोबत जाड पाकिटांचा एक गठ्ठा द्या. सुरुवातीला पाकिटांवरचाच खर्च तिला जड जात होता.