दुकानातल्या टाइलला भोक पडलं, माझ्या टाइलला तडा गेला

बाथरूमच्या भिंतीला व्हिट्रिफाइड टाइल लावायच्या होत्या आणि नळांच्या पाइपांसाठी भोकं मीच पाडणार होतो. ३५ मिलिमीटरची पाच भोकं. त्यासाठी हत्यारांच्या एका दुकानातून होल सॉचा सेट आणला. डबीवर ठळक अक्षरांत ‘डायमंड’ छापलेलं होतं. दुकानदाराने काउंटरवरच्या टाइलला माझ्यासमोर भोक पाडून दाखवलं. पाणी न लावता, मिनिटाच्या आत, कडा अगदी स्वच्छ. आतून निघालेली लाल चकती माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “घ्या, हा पुरावा घरी घेऊन जा.” मी ती खिशात टाकली. पुढे तीच कामाला आली.

घरी टाइल सपाट प्लायवर ठेवली, ड्रिलचा हॅमर बंद केला, वेग कमी ठेवला आणि वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिलो. यात काही चुकलं नव्हतं. तरी होल सॉ चिरका आवाज करत नुसता घासत होता. दोन-तीन मिनिटांनी पाहिलं तर चकाकीवर फक्त एक गोल रेघ उमटली होती, आणि पाणी गरम लागत होतं. मी जोर वाढवला. थोड्या वेळाने टक् असा आवाज आला आणि त्या रेघेपासून जवळच्या कडेपर्यंत तडा गेला. दुसऱ्या टाइलचं तेच झालं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “तुमचा हात सरळ नाही, आणि टाइलही हलकी दिसतेय.” मी ते खरं मानलं आणि तिसरी टाइल फोडली.

शेवटी एका जुन्या टाइल मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी ती लाल चकती मागितली, उलटी केली आणि मागच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब बघता बघता आत जिरला. मग माझ्या फुटलेल्या टाइलच्या पाठीवर टाकला, तो तसाच राहिला. “दुकानात तुम्हाला दाखवली ती भिंतीची मऊ सिरॅमिक टाइल,” ते म्हणाले. “ती साध्या कार्बाइडनेही कापली जाते. तुमची व्हिट्रिफाइड आहे, ती पाणी पीत नाही. तिला खरा डायमंडच लागतो.”

मग त्यांनी माझ्याच ड्रिलला सेटमधला न वापरलेला होल सॉ लावला आणि फुटक्या तुकड्यावर चालवला. मिनिटभरात धारेवरचे खरखरीत कण निघून गेले आणि खालचं उघडं लोखंड चमकायला लागलं. त्यानंतर त्याच ड्रिलला, त्याच तुकड्यावर स्वतःचा डायमंड होल सॉ लावला. या होल सॉला मध्ये टोक नसतं, म्हणून सरळ टेकवला तर तो घसरतो. त्यांनी आधी ड्रिल तिरकं धरून धारेच्या एका बाजूने चंद्रकोरीएवढी खाच पाडली, मग फिरता फिरताच हळूहळू सरळ केलं. ड्रिल बॅटरीचं होतं. पाणी बाटलीच्या झाकणाला छिद्र पाडून खाचेतच थेंब थेंब सोडलं, मशीनवर एक शिंतोडा नाही. जोर बेताचाच, आणि मनगट किंचित गोल झुलवत, म्हणजे पाणी धारेखाली जात राहतं. पाण्यात दुधासारखा पांढरा लगदा यायला लागला. तो दिसतोय तोवर धार कापतेय. लगदा येईना, आवाज चिरका झाला आणि पाणी तापलं, की धार नुसती घासतेय. अशा वेळी आपण जोर लावतो, एकाच वर्तुळात उष्णता साठते, टाइल तेवढ्याच जागी फुगते आणि बाकीची थंड टाइल तिला जागा देत नाही. तडा तिथून निघतो.

शेवटच्या मिलिमीटरला त्यांनी जोर जवळजवळ सोडून दिला, नाहीतर मागची बाजू ढलपे घेऊन निघते. टाइल कडेपर्यंत टेकलेली असावी आणि भोक कडेच्या फार जवळ नको, हेही सांगितलं, कारण मधली अरुंद पट्टी आधी जाते. पाचही भोकं त्यांच्याच होल सॉने मी पाडली. एकही टाइल फुटली नाही.

व्हिट्रिफाइड टाइलसाठी होल सॉ घेणार असाल तर आपल्याच टाइलचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि त्यावर भोक पाडून मागा. त्यांच्या टाइलवर दाखवायला लागले तर तिच्या मागे पाण्याचा थेंब टाका. जिरला तर ती परीक्षा तुमच्या कामाची नाही. आणि पहिल्या भोकानंतर धार उलटी करून पाहा. कडेला उघडं लोखंड चमकत असेल तर तो सेट तिथेच परत करा.

मी लाल चकती आणि झिजलेले दोन होल सॉ घेऊन दुकानात गेलो, थेंब टाकून दाखवला. सेटचे पैसे त्याने मुकाट्याने परत दिले. तीन टाइलचे दिले नाहीत. काउंटरवर तशीच लाल टाइल ठेवलेली होती, आणि दुसरं एक गिऱ्हाईक तिच्यातलं भोक बघत उभं होतं. त्यालाही मी थेंब टाकून दाखवला.