टोकनचे २ लाख, हातात आले ८५ हजार

बावीस वर्षं मी हिशेबखात्यात नोकरी करतोय. दुसऱ्यांच्या पावत्या तपासण्यात जन्म गेला आणि स्वतःची पावती नीट वाचली नाही. नातेवाइकांना अजून खरा आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतो.

पुण्याच्या पश्चिमेला बांधकाम चालू असलेल्या एका स्कीममध्ये ६४ लाखांचा टू बीएचके पाहिला. ८ जून २०२५, रविवार. 'आजचा रेट आजच' वगैरे सगळं झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या तिथे ५१,००० यूपीआयने आणि दुसऱ्या दिवशी १,४९,००० चा चेक. एकूण २ लाख.

आता तो क्षण. टेबलावरचा क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर बिल्डरचं नाव नाही, भलत्याच कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव. माझा अंगठा थांबला होता, देवाशपथ. मी विचारलंसुद्धा. टेबलावरचा बुकिंग घेणारा पोरगा हसत म्हणाला, "आपलीच सिस्टर कन्सर्न आहे दादा." बायको शेजारी, मुलगी सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत फोटो काढतेय, मागे दुसरं जोडपं खोळंबलेलं. अशा वेळी चारचौघांत कोण वाद घालतो? पिन टाकला. पैसे फक्त प्रकल्पाच्या खात्यात द्या, तेही खात्याचं नाव गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी महारेराच्या साइटवरच्या नावाशी ताडून.

१० जूनला अलॉटमेंट लेटर मेलवर आलं. आठवड्याने बायकोनेच महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडला. ताबा 'पुढच्या दिवाळीला' म्हणाले होते, तिथे पूर्णत्वाची तारीख डिसेंबर २०२८. भाडं आणि हप्ता दोन्ही तोपर्यंत भरणं आम्हाला शक्य नव्हतं. १७ जूनला मी फोन करून सांगितलं, घर नको, टोकन परत करा. (दिवाळीचं आश्वासन तोंडी होतं. माहितीपत्रकात छापलेलं असतं तर रेरा कायद्याच्या कलम १२ वर बोट ठेवता आलं असतं.)

खरा गळा इथे कापला गेला. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये रद्द करण्याचा तक्ता आहे. लेटर दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड, त्यानंतर २ टक्के. लक्षात घ्या, टोकनच्या नव्हे, घराच्या किमतीच्या. आणि मोजलं जातं ते लेखी पत्र, फोन नाही. मी सातव्या दिवशी सांगितलं होतं. पण पोरगा म्हणाला, "लेखी कशाला दादा, फाइल खराब होते. मी साहेबांशी बोलतो." मग साहेब गावाला. मग पालखी, रस्ते बंद. मग अकाउंट्सवाली सुट्टीवर. इतक्या गोडीने बोलायचा की मेल पाठवणं मलाच उद्धटपणा वाटायला लागला. तो माझ्या फोनला टाळत नव्हता, १५ दिवस मोजत होता.

३० जूनला मेल केला. विसावा दिवस. तासाभरात उत्तर: १ टक्का म्हणजे ६४,००० कापले जातील. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तासाभरात उत्तर दिलं! घर नको वाटलं की त्याच रात्री मेल टाका, मग फोन करा.

आणि क्यूआरवर दिलेले ते ५१,०००? "ते एजंटकडे गेले, आमच्याकडे जमाच नाहीत." म्हणजे १,४९,००० वजा ६४,००० बरोबर ८५,०००. तेसुद्धा पत्रानंतर ४५ दिवसांत, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत द्यायला हवे होते. आले ९ सप्टेंबरला. उशिराचं व्याज? विचारू नका.

पोलीस चौकीत गेलो. दीड तास बाकावर. "हा दिवाणी मामला आहे, रेराकडे जा." मी म्हटलं, ५१ हजार तिसऱ्याच माणसाने घेतलेत. "मग सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, फसवणूक कसली? बँकेतली बाई तेच म्हणाली, वर फॉर्म भरायला लावून माझी पावतीची झेरॉक्स हरवली. पुन्हा चौकी, तिथला साहेब बदललेला, गोष्ट पहिल्यापासून. प्रत्येकजण मला असा बघत होता की चोरी मीच केली आहे. एकाने तर उपदेश केला, "शिकलेली माणसं तुम्ही." अहो, शिकलोय म्हणून तर अर्ज घेऊन आलो, नाहीतर दगड घेऊन आलो असतो.

महारेराच्या तक्रारीची फी ५,०००, वकील ३०,००० मागतोय, अडकलेत ५१,०००. हिशेब तुम्हीच करा. त्या ५१ हजारांच्या पावतीवर एजंटचा महारेरा नोंदणी क्रमांकच नाही, हे वकिलाने दाखवल्यावर कळलं. नोंदणी क्रमांक नसलेल्या माणसाला चहाचे पैसेही देऊ नका.

परवा एजंटच्या ऑफिसात गेलो. शटर बंद. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ते होय? महिना झाला, दुसऱ्या साइटवर बसतात आता." कुठल्या, ते त्याला ठाऊक नव्हतं.