रंग न उखडता लाइटच्या माळा लावायच्यात? ओढपट्टीवाली क्लिप, फोम टेपवाली क्लिप की चिकट नसलेली पकड

क्लिप घेताना बहुतेकजण पाकिटावर किती किलो पेलते ते बघतात, पण एलईडी माळ वजनाला हलकीच असते हो, खरं ठरतं ते भिंतीवरचा रंग किती घट्ट बसलाय त्यावर. म्हणून आधी एक टेस्ट करा. मास्किंग टेपचा बोटभर तुकडा भिंतीवर दाबून लावा, पाच मिनिटांनी झटक्यात काढा आणि मागची बाजू बघा. पांढरी पावडर किंवा रंगाचा पापुद्रा आला तर त्या भिंतीवर कुठलीच चिकटणारी क्लिप लावू नका, कितीही भारी असली तरी. चुना आणि जुना डिस्टेंपर या टेस्टमध्ये बहुतेक वेळा नापास होतात, चांगलं बसलेलं इमल्शन आणि ऑइल पेंट पास होतात. नवीन रंग दिला असेल तर निदान आठवडाभर थांबा, हाताला सुकलेला लागला तरी आतून अजून कच्चा असतो.

टेप स्वच्छ निघाली तर मग दोन चिकट पर्याय उरतात आणि दिसायला ते सारखेच वाटतात. ओढपट्टीवाल्या क्लिपला खाली एक छोटी शेपटी असते, ती ओढली की पट्टी रबरासारखी लांबत जाते आणि पातळ होत होत भिंतीपासून स्वतःच सुटते, रंगावर जोर येत नाही. फोम टेपवाल्या क्लिपला ही सोयच नाही, ती काढायची म्हणजे उपटायची, आणि उपटताना टेप आणि रंग यातलं जे कमी घट्ट ते निघतं, बरेचदा तो रंगच असतो. शिवाय फोम टेप जितकी जुनी तितकी जास्त धरते. त्यामुळे रंगाच्या भिंतीवर माझं मत सरळ ओढपट्टीला, फोम टेप टाइल्स आणि काचेवर खुशाल वापरा.

पण ओढपट्टीसुद्धा नीट लावली तरच टिकते. जागा ओल्या फडक्याने नाही तर रबिंग अल्कोहोलने पुसायची, कारण साबण किंवा क्लीनरचा पातळ थर मागे राहतो आणि पट्टी त्या थरालाच चिकटते. मग ३० सेकंद जोरात दाबून धरायचं आणि तासभर माळ अडकवायची नाही. माळ ताणूनही लावू नका, किंचित झोळ ठेवा. सरळ खाली लोंबणारं वजन पट्टी आरामात सांभाळते पण ताणलेली वायर क्लिपला भिंतीपासून बाहेर खेचते आणि मग वरची कड आधी सुटायला लागते. रोज बघताना ती वरची कड उचललेली दिसली की समजा ही आता पडणार.

बाल्कनीत गणित बदलतं. बाहेरच्या भिंती खरबरीत असतात, पट्टी फक्त उंचवट्यांना टेकते, वर ऊन आणि पाऊस. तिथे चिकट नसलेली पकडच बरी, म्हणजे रेलिंगला झिप टाय किंवा कापडी वेल्क्रो बांधा, रेलिंग रंगवलेली असेल तरी काही होत नाही, फक्त झिप टाय इतका आवळू नका की वायरचं आवरण दाबलं जाईल.

समजा १० फुटी रेलिंग आणि आत येणारा दरवाजा सजवायचाय. रेलिंगला सव्वा फुटावर एक असे दोन्ही टोकं धरून ९ टाय पुरतात. दरवाजाची चौकट ऑइल पेंटची असेल तर दोन्ही बाजू ७-७ फूट आणि वर ३ फूट म्हणजे १७ फूट, फुटाला एक धरून १८ क्लिपा, त्यातल्या एकेक कोपऱ्यात नक्की आल्या पाहिजेत कारण वळणावर वायर सगळ्यात जास्त खेचते. माळेचा अडॅप्टर किंवा कंट्रोलरचा डबा मात्र क्लिपवर लोंबकळत ठेवू नका, तो आत कोरड्या जागी टेकवा, वजन त्याचंच असतं आणि पाण्याचा धोकाही त्यालाच.

काढताना आधी माळ उतरवा, मग क्लिप एका हाताने हलकेच धरून (दाबून नाही) शेपटी भिंतीला लागून सरळ खाली, हळूहळू, हातभर लांब होईपर्यंत ओढा. आपल्याकडे ओढली की पट्टी तुटते किंवा रंग उचलतो. तुटलीच तर हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करून क्लिपच्या मागून दोरा करवतीसारखा फिरवा आणि उरलेला गोंद बोटाने चोळून गोळा करा. सण संपला की महिनोन्महिने तशाच ठेवू नका, उन्हातली पट्टी ठिसूळ होते आणि मग शेपटी हातात येते, बाकीची भिंतीवर राहते.