भारवाही भिंतीत नवे दार: लोखंडी गर्डर की काँक्रीटची लिंटल?

गिरगावातील जुन्या इमारतीत चौदा इंची भारवाही भिंतीत तीन फुटी दार काढू पाहणाऱ्या मित्राला दारावरच्या भिंतीचा भार पेलायला काय घालावे, हा प्रश्न पडला होता. दोन्हींत आधी भिंतीतून आरपार तात्पुरते आडवे गर्डर घालून ते दोन्ही बाजूंच्या जॅकवर पेलावे लागतात, आणि जॅकखाली लाकडी तक्तपोशी असेल तर भार खालच्या मजल्यांतून थेट जमिनीपर्यंत न्यावा लागतो.

काँक्रीट जागेवर ओतल्यास टेकू साधारण १४ दिवस हलवता येत नाहीत. दारावर कायमची लोखंडी गर्डरजोडी बसवल्यास तिच्यावरची फट कोरड्या मसाल्याने घट्ट ठासली की ते काही दिवसांत निघतात. ठासणी ढिली राहिल्यास मात्र दाराच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा वर चढतात. मुंबईच्या दमट हवेत लोखंड गंजते, त्यामुळे गंजरोधक रंग आणि जाळीवरचे प्लास्टर हवेच.

राहत्या घरात गर्डर बरा. ओलसर भिंतीत आणि रिकाम्या घरात काँक्रीट. अभियंत्याचा हिशेब आणि पालिकेची परवानगी दोन्हींत सुटत नाही.