ग्लुटाथायोन कॅप्सूल: कोटिंगला नवे पैसे मोजण्याआधी हे वाचा

पाचशे मिलिग्रॅमच्या ग्लुटाथायोन कॅप्सूल बरेच महिने घेतल्यावर हे लिहितोय. डबा संपत आला म्हणून पुन्हा मागवायला गेलो, तर तेच औषध आता 'अ‍ॅसिड-प्रूफ कोटिंग' लावून चढ्या दराने विकायला ठेवलेलं. कोटिंगचा उपयोग काय, असं कस्टमर केअरला विचारलं. उत्तर आलं, "सर, पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये ग्लुटाथायोन नष्ट होतं. कोटिंगमुळे ते सुखरूप आतड्यात पोचतं." माझं डोकं फिरलं ते इथेच. कारण ते कापलं जातं मुळात आतड्यात!

ग्लुटाथायोन म्हणजे आपल्या पेशी स्वतःच बनवतात ते अँटिऑक्सिडंट: ग्लुटामेट, सिस्टेईन आणि ग्लायसिन अशी तीन अमिनो आम्लांची साखळी. यातलं ग्लुटामेट नेहमीच्या जागेवरून जोडलेलं नसतं, त्याच्या बाजूच्या फांदीवरून जोडलेलं असतं. त्यामुळे प्रथिनं पचवणारी नेहमीची एन्झाइम या जोडापुढे हतबल असतात. पण लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम असतं. लिव्हर टेस्टच्या रिपोर्टमध्ये जीजीटी लिहिलेलं असतं, तेच हे. ते नेमका हाच जोड तोडून ग्लुटामेट बाजूला काढतं. उरलेली सिस्टेईन-ग्लायसिनची जोडी दुसरं एन्झाइम फोडतं. म्हणजे कोटिंग करतं काय, तर कॅप्सूल कात्रीच्या तोंडाशी नेऊन उघडतं. हे मी तीन वेगवेगळ्या ईमेलमध्ये समजावलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं.

१९९२ साली सात निरोगी माणसांना एकाच वेळी भरपूर मोठा डोस देऊन पाहिला होता, साधारण ६५ किलोच्या माणसाला तीन ग्रॅम. त्यानंतर काही तास रक्त तपासलं, तर प्लाझ्मातलं ग्लुटाथायोन लक्षणीय वाढलेलं नव्हतं. माझ्या डब्यावरच्या डोसच्या सहापट!

इथवर मी या कॅप्सूलना एक तारा देणार होतो. पण २०१५ सालचा एक अभ्यास आडवा आला. त्यात रोज १००० मिलिग्रॅम सहा महिने घेणाऱ्यांच्या लाल पेशींमधलं ग्लुटाथायोन तीसेक टक्क्यांनी वाढलं, आणि बंद केल्यावर महिन्याभरात परत मूळ पातळीवर आलं. म्हणजे अगदीच वाया जात नाही. अख्खा रेणू थोडाफार शोषला गेला असेल, किंवा तुटलेल्या तुकड्यांपासून पेशींनी नवा बांधला असेल. नुसत्या पातळीवरून हे ओळखता येत नाही. पण तुकडेच कामाला येत असतील, तर तुकडेच का विकत घेऊ नयेत?

म्हणून हिशोब केला. ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन पूर्ण तुटलं तर त्यातून जेमतेम २०० मिलिग्रॅम सिस्टेईन मिळतं. ६०० मिलिग्रॅमच्या एका एनएसी गोळीतून, म्हणजे एन-अ‍ॅसिटाइल सिस्टेईनमधून, साडेचारशेच्या आसपास. शुद्ध सिस्टेईन हवेत आणि द्रावणात पटकन ऑक्सिडाइझ होतं, म्हणून हे टिकाऊ रूप वापरतात. पेशीत ग्लुटाथायोन बनतं दोन पायऱ्यांत: आधी ग्लुटामेटला सिस्टेईन जोडलं जातं, मग त्याला ग्लायसिन. ग्लुटामेट पेशीत मुबलक असतं. अडतं ते बहुतेक वेळा सिस्टेईनपाशी, आणि म्हाताऱ्या माणसांत ग्लायसिनही कमी पडताना दिसतं. २०११ मध्ये वयस्कर लोकांना दोन्ही मिळून दोन आठवडे दिल्यावर त्यांच्या लाल पेशींतलं ग्लुटाथायोन जवळपास दुप्पट झालं. अर्थात माणसं आठच होती आणि डोस दांडगा: ग्लायसिन वजनाच्या दर किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला सहा ग्रॅम. एनएसी त्याहून जास्त.

पण यातही एक मेख आहे. पहिल्या पायरीच्या एन्झाइमला तयार ग्लुटाथायोन स्वतःच लगाम घालतं. पेशीत साठा पुरेसा असेल तर कच्चा माल कितीही ओता, कारखाना वेग वाढवत नाही. २०२२ च्या एका मोठ्या चाचणीत हेच दिसलं. निरोगी ज्येष्ठांना ही जोडी दोन आठवडे देऊनही सरसकट वाढ झाली नाही. ज्यांची पातळी मुळात कमी आणि ऑक्सिडेटिव्ह ताण जास्त होता, त्यांच्यातच मोठ्या डोसला फरक दिसला. त्यामुळे तरुण, धडधाकट माणसाने यातलं काहीच घेतलं नाही तरी चालेल, असं माझं मत.

मी सध्या एनएसीची विरघळणारी गोळी आणि ग्लायसिनची पावडर घेतोय. ग्लायसिन चक्क गोड लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. एनएसीला मात्र कुजक्या अंड्याचा वास येतो, उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, आणि विरघळणाऱ्या गोळीत सोडियम असतं हे रक्तदाबवाल्यांनी लेबलवर बघावं. छातीत दुखतं म्हणून नायट्रोग्लिसरीन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो, डोकं भयंकर दुखतं.

कॅप्सूलना दोन तारे. कोटिंगला शून्य. रिफंडचा अर्ज केलाय, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर आलंय.