दोन प्रश्न की चौदा? दुखवट्यातली श्रद्धा मोजताना

प्रबंधासाठी आजारपण किंवा दुखवटा हा विषय घेतलेली मुलं भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांचं मन आधीच ब्रीफ कोपकडे झुकलेलं असतं. कठीण काळाला माणूस कशाकशाच्या आधारे तोंड देतो हे विचारणारी कार्व्हर यांची ही 1997 ची प्रश्नावली. तिच्या 28 विधानांत धर्माची फक्त दोन आहेत. एकात धर्मातून किंवा अध्यात्मातून आधार शोधण्याचा प्रयत्न विचारला आहे, दुसऱ्यात प्रार्थना आणि ध्यान. दुसरा पर्याय पार्गमेंट आणि सहकाऱ्यांची ब्रीफ आरकोप. तिची चौदाही विधानं धर्माचीच, सात आधाराची आणि सात देवाशी चाललेल्या झगड्याची. मी दोन्ही वापरल्या आहेत, फोंड्याच्या आसपासच्या गावांत, घरात बसून, मराठी आणि कोंकणीत.

ब्रीफ कोपचे फायदे मला मान्य आहेत. ज्याच्या घरी नुकतंच माणूस गेलंय त्याच्यासमोर चौदा प्रश्न ठेवायला जीव होत नाही. शिवाय तुमच्या अभ्यासात धर्म हा अनेक आधारांपैकी एकच असेल, म्हणजे नातलग, काम, दारू, स्वतःला दोष देणं हेही पाहायचं असेल, तर तीच घ्या. तिथे दोन विधानं पुरतात.

माझं मन फिरलं ते सुतकामुळे. एका घरी आठव्या दिवशी गेलो होतो. बाईंचे पती मूत्रपिंडाच्या आजाराने गेले होते. आजारपणाची तीन वर्षं त्यांनी एकही सोमवार सोडला नव्हता. प्रार्थनेच्या विधानावर त्यांनी ‘अजिबात नाही’ सांगितलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी देवघराकडे बोट केलं. दिवा नव्हता, पडदा ओढलेला. सुतकात पूजा नाही, देवळात जाणं नाही. दोन विधानांचे मिळून त्यांना 8 पैकी 3 पडले. ते आकडे तसेच नेऊन तक्ता केला असता तर मी लिहिलं असतं की या गटात शोकाच्या काळात धर्माचा आधार कमी दिसतो. खरं तर मी रूढी मोजली होती. तेराव्यानंतर महिनाभराने त्याच बाईंना त्याच विधानांवर 8 पडले, आणि या चढाचा अर्थ लावताना मला पुन्हा तीच अडचण आली.

त्यानंतर जवळच्याच वाड्यावर आणखी एक बाई भेटल्या, मुलगा गमावलेल्या. त्यांनाही 8. कागदावर दोघी सारख्या. दोघींना ब्रीफ आरकोप दिली (प्रत्येक विधानाला 0 ते 3, म्हणजे प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त 21). पहिल्या बाईंना आधाराच्या बाजूला 17, झगड्याच्या बाजूला 1. दुसऱ्यांना 15 आणि 11. त्यांचे 11 कुठून आले तेही दिसत होतं. ‘माझ्या भक्तीत कमी पडल्याची शिक्षा’ 3, ‘देव मला शिक्षा करतोय असं मी काय केलं’ 3, ‘देवाने मला सोडलं का’ 3, ‘देवाच्या प्रेमाबद्दल शंका’ 2. “देवान म्हाका कित्याक ख्यास्त दिली?” हे त्या उत्तर देता देता बोलून गेल्या. कुलदेवीची ओटी पाच वर्षं राहून गेली होती, ती त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. देवळात त्या रोज जात होत्या, पण माफी मागायला. ब्रीफ कोपला हे जाणं आणि पहिल्या बाईंचं जाणं एकच वाटतं.

हा फरक फक्त वर्णनापुरता नाही. पार्गमेंट, केनिग आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 55 किंवा त्याहून जास्त वयाच्या 596 रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा छापला. त्या काळात 176 जण गेले. शारीरिक आणि मानसिक स्थितीचा हिशेब धरूनही ‘देवाने मला सोडलं’ असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 28% जास्त निघाला, देवाच्या प्रेमाबद्दल शंका घेणाऱ्यांमध्ये 22% आणि आजार सैतानाने आणला म्हणणाऱ्यांमध्ये 19%. यावरून झगड्यामुळे माणूस मरतो असं म्हणता येत नाही. प्रयोग नव्हता, आणि रुग्ण अमेरिकेतले होते. पण प्रार्थना किती वेळा केली एवढंच विचारून हा धागा हाती लागला नसता, हे मला पटतं.

आता आरकोपची दुखरी जागा, कारण तिच्यावर तुम्ही अडखळणारच. सैतानाच्या विधानाचं भाषांतर मी आधी ‘देवचार’ असं केलं. ख्रिस्ती घरांत ते बरोबर बसलं. हिंदू घरांत लोक माझ्याकडे बघत राहिले, कारण त्यांचा देवचार हा शिवेवरचा राखणदार आहे, त्याला रोट देतात, त्याच्यावर असा आळ कोण घेणार? ‘वाईट शक्ती’ लिहिलं तेव्हा उत्तरं आली, पण त्यात नजर, करणी, सगळंच मिसळलं. चर्चने मला सोडलं का, या विधानाच्या जागी मी ‘देवस्थानच्या आणि गावच्या माणसांनी’ असं घातलं. शब्द असे बदलले की छापलेल्या अभ्यासांशी थेट तुलना करायचा हक्क जातो, आणि ते प्रबंधात स्पष्ट लिहावं लागतं. मी तरी तसंच लिहिलं. ताराकेश्वर, पार्गमेंट आणि महोनी यांनी 2003 मध्ये हिंदूंसाठी वेगळी मोजपट्टी सुरू केली, तीही पाहून घ्या. मात्र तिचे उत्तरदाते अमेरिकेत राहणारे हिंदू होते. कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं यांना तुम्हाला स्वतःच जागा करून द्यावी लागेल.

दुसरी गोष्ट आकड्यांची. झगड्याच्या बाजूला बहुतेक लोक शून्यावरच राहतात. वीसजण विचारले तर चौदा-पंधरा 0 किंवा 1 वर, दोघे-तिघे 9 च्या पुढे, असं मला दिसत आलंय. अशा वेळी सरासरी काढली की ते दोघे-तिघे पुसले जातात. मी वाटणी बघतो, आणि एकही झगडा न सांगणारे व निदान एक सांगणारे असे दोन गट करतो. दोन बाजूंची वजाबाकी करून एकच आकडा कधी करू नका. वर आलेल्या दुसऱ्या बाईंचे 15 आणि 11 दोन्ही खरे होते. वजा केलं तर 4 उरतात, आणि त्या 4 मध्ये त्या बाई कुठेच नाहीत.

देवावरचा राग समोरच्या माणसाला तोंडी सांगणं आपल्याकडे जड जातं. वाचता येणाऱ्यांच्या हाती मी कागद देतो आणि पडवीत जाऊन बसतो. ज्यांना वाचून दाखवावं लागतं त्यांचे झगड्याचे गुण कमी आले तर ते मी लगेच खरे मानत नाही.

तेव्हा निवड तुमची. वेळ थोडा असेल आणि धर्म हा मुख्य प्रश्न नसेल तर ब्रीफ कोपला माझी ना नाही, फक्त गाठ कितव्या दिवशी पडली ते प्रत्येक कागदावर लिहा आणि सुतकातले कागद वेगळे ठेवा. श्रद्धा हाच विषय असेल तर मी चौदा विधानंच घेईन. झगड्याची विधानं मी मध्ये ठेवतो, शेवटाला नाही, आणि ‘देवाकडे जास्त जवळ जायचा प्रयत्न केला’ हे अगदी शेवटी. क्रम बदलला हेही नोंदवावं लागतं. पण ‘देवाने मला सोडलं का’ हा प्रश्न कुणाच्या घरात शेवटचा ठेवून उठून यायला मला जमत नाही.