कन्नड वेळापत्रक सांगायचं कसं: उभं की आडवं?

कोल्हापूर स्टँडवर काढलेला कन्नड वेळापत्रकाचा फोटो अंध मित्राला मराठीतून सांगायचाय. रकाने तीन: गाव, वेळ, फलाट.

उभं वाचलं तर आधी सगळी गावं, मग सगळ्या वेळा. वेळांची रांग सुरू होईस्तोवर निपाणी कितवी होती हेच ध्यानात राहत नाही. फोटोतला मजकूर उचलणारी अ‍ॅपंही कधीकधी असंच ओततात.

आडवं वाचावं, पण आधी मांडणी सांगून: "वर मथळा, मधे तक्ता, तळाला लाल अक्षरांत सूचना." सूचना 'रविवारी बंद' अशी असेल तर ती तक्त्याआधीच सांगून टाकावी. मग एकेक ओळ: "गाव निपाणी, वेळ सव्वासात, फलाट दोन." पुसट आकडा अंदाजानं भरू नये, "वाचता येत नाही" म्हणावं.

नुसती गावांची यादी हवी असेल तर मात्र उभंच बरं.